दादाचा अमेरिकेचा मेडिकल व्हिसा : माझा अनुभव

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. दादाच्या जबड्यातली गाठ दोनदा ऑपरेशन करूनही परत आली, तेव्हा 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलला रिपोर्ट पाठवले. तिकडून मेल आला, अमुक तारखेला अपॉइंटमेंट आहे म्हणून, आणि मला वाटलं झालं काम, हेच पत्र व्हिसाला लावू. पुण्यातला एक ओळखीचा म्हणाला, काय भो, ही नुसती अपॉइंटमेंटची चिठ्ठी आहे, व्हिसाचं पत्र वेगळं असतं.

तर अमेरिकेला उपचारासाठी वेगळा मेडिकल व्हिसा नसतोच, फिरायला जाणाऱ्यांचा B-2 हाच लागतो, फक्त कागद वेगळे. हॉस्पिटलच्या पत्रात तीन गोष्टी पाहिजेत: आम्ही या पेशंटला घ्यायला तयार आहोत, उपचार साधारण किती दिवस चालेल, आणि डॉक्टरची फी, अ‍ॅडमिशन सगळं धरून खर्च किती. दुसरं पत्र इथल्या डॉक्टरचं, आजार काय आणि अमेरिकेतच का जायचंय याचं. आमच्या डॉक्टरांनी आधी दोन ओळीत "पुढील उपचारासाठी पाठवत आहोत" एवढंच लिहिलं होतं, मी परत जाऊन दोनदा गाठ उलटल्याचं तारखांसकट लिहून घेतलं. तिसरा भाग पैशांचा. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, त्यामुळे रिटर्न दाखवायला फारसं काही नाही, मग सातबारा-आठ अ चं इंग्रजी भाषांतर, केळीच्या पट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणारं बँक स्टेटमेंट अशी जाडजूड फाईल केली. मामांनी मदत म्हणून मोठी रक्कम टाकली होती, एकदम आलेला पैसा डोळ्यात येतो म्हणून त्यांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट जोडलं.

सोबतच्या माणसाला वेगळा अटेंडंट व्हिसाही नसतो, प्रत्येकाचा आपापला DS-160 हा व्हिसाचा ऑनलाईन अर्ज, आपापली 185 डॉलर फी. मी, दादा, वहिनी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. इंटरव्ह्यू मराठीत झाला, दादाला जबड्यामुळे नीट बोलता येत नव्हतं तरी त्याला आणि वहिनीला पाच मिनिटात हो. मला विचारलं, बायको जातेय मग तुम्ही कशाला? मी म्हटलं, भाऊ आहे म्हणून. हॉस्पिटलच्या पत्रात माझं नावच नव्हतं. हातात 214(b) चा कागद दिला, म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही. यावर अपील नाही, फी परत नाही, नवीन अर्ज करायचा. खिडकीपासून दारापर्यंत वहिनी काही बोलली नाही, बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "भाऊजी, मला तिथे कोण काय सांगेल ते समजायचं कसं?"

तिच्या त्या वाक्यातच उत्तर होतं खरं तर. हॉस्पिटलला तेच लिहून पाठवलं आणि नवीन पत्र मागवलं, त्यात माझं नाव, नातं आणि कारण आलं: ऑपरेशननंतर पेशंट काही आठवडे बोलू शकणार नाही, नळीने खाणं, पत्नीला इंग्रजी येत नाही, म्हणून भाऊ लागेल. माझी बायको-पोरं इथे आणि बाग माझ्याच नावावर आहे, ते कागद वर ठेवले. रात्री-बेरात्री पोर्टल बघत बसलो, कोणीतरी सोडलेली तारीख मिळाली आणि दुसऱ्या वेळी झालं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का बघून गावात सगळे म्हणाले, आता दहा वर्ष टेन्शन नाही. तसं नसतं. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख I-94 या प्रवेशाच्या नोंदीत असते, ती आपण ऑनलाईन काढून बघायची. आम्हाला 11 फेब्रुवारी 2025 मिळाली. ती चुकून ओलांडली तर दहा वर्षांचा शिक्काही रद्द होतो.

दादाची जखम लवकर भरली नाही, त्यामुळे रेडिएशन लांबलं आणि फेब्रुवारी पुरणार नाही हे डिसेंबरातच कळलं. मुदतवाढीचा फॉर्म I-539, तो निदान 45 दिवस आधी भरा म्हणतात, आम्ही 20 डिसेंबरला ऑनलाईन भरला. दादाच्या अर्जात वहिनी बायको म्हणून जोडली गेली, पण भाऊ त्यात बसत नाही, माझा अर्ज आणि 420 डॉलर वेगळे. पुन्हा पत्र हेच मुख्य: उपचार का लांबला, किती आठवडे उरले, आतापर्यंतचं बिल भरलंय आणि पुढचं कोण भरणार. परतीचं तिकीटही पुढच्या तारखेचं लावलं.

उत्तर काही 11 फेब्रुवारीच्या आत आलं नाही आणि मी त्या रात्री झोपलो नाही, पण अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत राहता येतं, तिथल्या वकिलानेही तेच सांगितलं. मार्चमध्ये आम्ही परत आलो तेव्हाही केस पेंडिंगच होती. रिसीटच्या प्रिंट दादाच्या पासपोर्टसोबत कपाटात ठेवल्यात, कारण तपासणीला परत जायचंय आणि विचारलं तर तारखेच्या आत अर्ज केला होता हे दाखवावं लागेल.