नुसतं ‘हॅलो’ आलं की मी आधी पान बघतो

जळगावात आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. वेबसाइटच्या कोपऱ्यात चॅट आहे आणि तिथे उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे. केळीच्या मृगबागेची लागवड जवळ आली की चॅटवर गर्दी होते, आणि निम्मे लोक फक्त ‘हॅलो’ किंवा ‘राम राम’ एवढंच टाकून गप्प बसतात. ‘बोला, काय मदत करू?’ असं विचारलं की पुष्कळ जण परत फिरकतच नाहीत. बाप्याला बांधावर उभं राहून टाइप करायचा कंटाळा येतो, दुसरं काय!

चॅटच्या खिडकीत गिऱ्हाइकाच्या नावाखाली त्याने कोणत्या पानावरून चॅट उघडलं तो पत्ता दिसतो. एकदा रात्री ‘हॅलो’ आलं, खाली `/filter/disc-2-inch`. मी लिहिलं, ‘राम राम भाऊ. आमच्या साइटवर तुम्ही डिस्क फिल्टरचं पान उघडलंय, त्याबद्दल विचारायचंय का? की दुसरं काही? पाणी विहिरीचं आहे की बोअरचं?’ लगेच उत्तर आलं, ‘बोअर. वाळू लई येते.’ म्हणजे विषय पानाने बरोबर सांगितला, पण वस्तू नाही. वाळूसाठी आधी हायड्रोसायक्लोन बसवावा लागतो, नुसता डिस्क फिल्टर पटापट तुंबतो. म्हणून मी पानावरून भाव सांगत सुटत नाही, एक प्रश्न विचारतो. पानाचं नावही उघड घेतो. आधी थेट फिल्टरचंच विचारायचो, तर यावलच्या एकाने ‘तुम्हाले कसं समजलं?’ म्हणून चॅटच बंद केलं होतं.

मुख्य पानावरून आलेल्या ‘हॅलो’चा काहीच अंदाज बांधता येत नाही, तिथे साधा प्रश्नच बरा. ऑर्डरच्या पानावरून आलं तर मात्र बहुतेक वेळा ‘माल कुठे अडकला’ हेच असतं, म्हणून मी ऑर्डर नंबर मागतो.

मधे काही दिवस सगळेच मुख्य पानावरून येताना दिसू लागले. गिऱ्हाईक विचारतंय लॅटरलच्या नळीचं आणि पत्ता मुख्य पानाचा, असं सारखं व्हायला लागल्यावर शंका आली. साइट नव्याने केली होती, आणि तिच्यात पान पुन्हा लोड न होताच बदलायचं. चॅट मात्र पत्ता पहिल्यांदा लोड होताना एकदाच टिपायचं. साइट करणाऱ्या पोराला सांगितलं, पत्ता पहिला मेसेज जाताना घे:

```js
const page = location.pathname;
```

त्याने `location.href` न घेता हे घेतलं ते चांगलं केलं. पूर्ण पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर कधी कधी गिऱ्हाइकाचा फोन नंबरही येतो, तो आमच्या खिडकीत कशाला? आता खाली `/lateral/16mm` दिसलं की मी आधी एकरं आणि दोन ओळींतलं अंतर विचारतो.