दवाखान्याची वेबसाइट आणि कुलूपबंद घरांची यादी

आमच्या तालुक्याच्या गावात जनावरांचा एक खाजगी दवाखाना आहे. गायीबैलांसाठी बहुतेक लोक सरकारी दवाखान्यात जातात, म्हणून इथे कुत्री-मांजरं जास्त. मागे टिनाच्या शेडमध्ये पिंजरे आहेत. मालक गावाला गेले की जनावर तिथे मुक्कामाला राहतं. डॉक्टर मॅडमनी मला वेबसाइट करायला सांगितली: मुक्कामाचं बुकिंग ऑनलाइन व्हावं, लसीची आठवण आपोआप जावी, बस्स. काम सोपं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी काउंटरमागचा पांढरा बोर्ड पाहिला. पिंजरा क्रमांक, कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, गाव, मोबाइल, आणि ‘कधी ते कधी’. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचत होता. मी मॅडमना म्हटलं, ही तर कोणत्या गावात कोणाचं घर किती दिवस बंद राहणार त्याची यादी झाली, आणि राखणदार कुत्राही घरी नाही हेही त्यातच लिहिलंय. त्या हसल्या, पण बोर्ड त्याच दिवशी पुसला गेला. तेव्हाच ठरलं की आधी ही माहिती कोणाला दिसेल ते बघायचं, बाकीचं मग.

बुकिंगच्या कॅलेंडरवर बाहेरच्या माणसाला फक्त ‘जागा आहे’ किंवा ‘भरलं’ एवढंच दिसतं. नावं नाहीत, पिंजऱ्यांची संख्याही नाही. आपलं बुकिंग पाहायचं तर मोबाइल नंबर टाकून चालत नाही, ओटीपी लागतो. आधीच्या आराखड्यात नुसत्या नंबरवर सगळं उघडत होतं. गावात एकमेकांचे नंबर कोणाकडे नसतात?

यावर कंपाउंडरभाऊ भडकले. त्यांच्या स्क्रीनवर मी जनावराचं नाव, खाणं आणि औषध एवढंच ठेवलं होतं. “अवो भाऊ, रात्री कुत्र्याले काही झालं तं म्या कोणाले फोन करू?” त्यांचं म्हणणं खरंच होतं. म्हणून आता जे जनावर आत्ता मुक्कामाला आहे, फक्त त्याच्याच मालकाचा नंबर त्यांना उघडता येतो, आणि तो कोणी, किती वाजता उघडला याची नोंद राहते. जनावर घरी गेलं की नंबर पुन्हा झाकला जातो. पत्ता मात्र मॅडमच पाहू शकतात.

खरं डोकं लागलं ते लसीच्या तारखांना. मॅडमचा नियम आहे की लस चालू नसेल तर मुक्काम नाही. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन् महिने टिकतो. एक आजारी पिल्लू आत आलं की शेजारच्या पिंजऱ्यांना धोका. पण लस चालू असायला हवी ती कोणत्या दिवशी?

मागच्या दिवाळीचं उदाहरण सांगतो. एका काकांनी सप्टेंबरमध्ये शेरूसाठी १७ ते २४ ऑक्टोबर २०२५ असं बुकिंग मागितलं, भाऊबीज उरकून परत येणार म्हणून. शेरूची रेबीजची लस २२ ऑक्टोबर २०२४ ला झाली होती आणि पुस्तकात पुढची तारीख बरोबर एक वर्षाची. आत येण्याच्या दिवशी लस चालू, पण मुक्कामाच्या मधेच मुदत संपत होती. फक्त येण्याची तारीख तपासली असती तर बुकिंग बिनबोभाट झालं असतं. म्हणून वेबसाइट जाण्याची तारीख तपासते. पुढचा डोस त्या दिवसाच्या आत येत असेल तर बुकिंग ‘लसीनंतर पक्कं’ अशा अवस्थेत थांबतं.

काका म्हणाले, “इंजेक्शन तं दिवाळीत आहे ना, आता कायले?” नेहमीची आठवण तारखेच्या आठवडाभर आधी जाते, म्हणजे १५ ऑक्टोबरला. काका तेव्हा बॅगा भरत असते, आणि दवाखान्यातली गर्दी वेगळीच. शिवाय लस टोचली की त्याच दिवशी अंगात ताकद येते असं नाही. वर्षाचा डोस वेळेवर घेणाऱ्या मोठ्या कुत्र्याला फारशी अडचण नसते, पण पहिल्यांदाच लस घेणाऱ्याला किंवा बराच खंड पडलेल्याला थोडे आठवडे द्यावे लागतात. म्हणून मुक्काम ठरलेला असेल तर आठवण लसीच्या तारखेवरून मोजायची नाही, मुक्कामाच्या पहिल्या दिवसावरून मागे मोजायची. आम्ही तीन आठवडे धरले. शेरूला २६ सप्टेंबरला निरोप गेला आणि काका रविवारच्या बाजाराला आले तेव्हा डोस देऊन गेले.

पिल्लांचं गणित वेगळं. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने वय १६ आठवडे होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, म्हणून मधेच सोडून चालत नाही. त्यामुळे पुढची तारीख ठरलेल्या वेळापत्रकावरून काढायची नाही, डोस प्रत्यक्षात ज्या दिवशी दिला त्या दिवसावरून काढायची. विकणाऱ्याने ‘एक इंजेक्शन झालंय’ असं तोंडी सांगितलं, पण पुस्तकात कुपीवरचं स्टिकर नसलं, तर मॅडम तो डोस धरतच नाहीत. वेबसाइटवरही त्याची जागा रिकामीच राहते.

निरोपाचा मजकूर मात्र मोजूनमापून लिहावा लागला. मराठी एसएमएस ७० अक्षरांचा असतो आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. एक अक्षर वाढलं की दोन एसएमएसचे पैसे. शेवटी हा ठरला:

```
शेरू: रेबीज लस देय २२-१०-२०२५. लसीचे पुस्तक आणावे.
```

हे ५० झाले, उरलेल्यात दवाखान्याचं नाव. मजकुराचा साचा टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर एसएमएस पोचतच नाही. मालकाचं नाव आणि मुक्कामाच्या तारखा मुद्दामच घातल्या नाहीत. सिम बंद पडलं की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि आमच्याकडे अर्ध्या घरांत एकच फोन चार जण वापरतात.

फोटोंचा प्रश्न मला सुचलाच नसता, तो मॅडमनी काढला. कंपाउंडरभाऊ मुक्कामातल्या कुत्र्यांचे फोटो स्टेटसवर ठेवत, ‘आपला शेरू मजेत’. शेरू कोणाचा हे पंचक्रोशीला ठाऊक. आता फोटो फक्त मालकालाच पाठवतात. दवाखान्याच्या पानावर टाकायचा तर वेगळी परवानगी घेतात, आणि तीही मुक्काम संपल्यावर. फॉर्मवर लसीची आठवण, फोटो आणि मुक्काम अशा तीन खुणा वेगवेगळ्या आहेत. फोटोला नाही म्हटलं म्हणून मुक्काम अडत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात परवानगी देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं असावं असं म्हटलंय, म्हणून ‘आठवण नको’ची खूण त्याच पानावर आहे.

फोनवरून बुकिंग करणारे अजूनही बरेच आहेत. त्यांची माहिती मॅडम स्वतः भरतात आणि तिन्ही परवानग्या एकेक करून विचारतात. एका आजींनी फोटोला नाही म्हटलं, मुक्कामाला हो म्हटलं, आणि लसीच्या आठवणीबद्दल सांगितलं की एसएमएस नको, पोरगा वाचतच नाही, तुम्हीच फोन करा. त्यांच्या नोंदीपुढे ‘फोन करणे’ असा पर्याय नव्हता. तो आता घातलाय.