खोडलेले आकडे कॉम्प्युटरवर चढवताना एका पानावर दीड महिना गेला, माझा अनुभव

आमच्या महिला बचत गटाचं हाती लिहिलेलं रजिस्टर, २०१७ ते २०२२, कॉम्प्युटरवर चढवायचं काम मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आलं. बारा बाया, महिन्याला एक पान, रकाने बचत, कर्जाचं फेडलेलं मुद्दल, व्याज, दंड आणि एकूण. ७२ पानांतली ७१ पानं आठवडाभरात झाली, रात्री जेवणं आटपली की बसायची. एका पानावर मात्र दीड महिना गेला आणि त्याचा राग अजून गेला नाही म्हणून लिहून ठेवते.

ते पान जुलै २०१९ चं. सातव्या ओळीतल्या काकूंच्या मुद्दलात आकडा गिरवलेला. २०० म्हणा की ३००. लिहिणारी तेव्हाची सचिव लग्न होऊन गेली, तिला फोनवर विचारलं तर तिला कुठून आठवणार. कर्जखात्याची वही होती पण तिची पानं घर गळून भिजलेली, शाई पसरलेली.

आधी मी आकडाच नीट पाहिला. मराठी दोनाला खाली अजून एक वळण जोडलं की तीन होतो, पण तीनाचा दोन करायचा तर मधलं वळण झाकायला शाईचा गिचका लागतो. इथं गिचका नव्हता, खालचं वळण जरा दाबून काढलेलं होतं, पानाच्या मागून बोट फिरवलं की तिथंच उंचवटा लागे. म्हणजे आधी २००, मग ३००. पण हा झाला अंदाज, पुरावा नाही. कोणती शाई वर आणि कोणती खाली हे बॉलपेनात नुसत्या डोळ्यानं छातीठोक सांगता येत नाही, मी तरी सांगणार नाही.

मग बेरीज केली, आणि इथंच घोळ. त्या ओळीत बचत १००, व्याज ८०, आणि एकूण लिहिलेलं ३८०. म्हणजे मुद्दल २००. पानाखालची बेरीज ५,६२०, तीही २०० धरूनच जुळते. मी ३०० भरून शीट ऑफिसला दिली तर दुसऱ्याच दिवशी परत, बेरीज जुळत नाही. तिथले साहेब म्हणाले, "ताई, २०० टाका ना, बेरीज जुळून जाते, कायले डोकं लावता." तीन चकरा झाल्या, दर वेळी तेच. बसभाडं गेलं ते गेलं, पण एक चकर तर साहेब मीटिंगला गेले म्हणून फुकटच गेली.

मला हे पटतच नव्हतं, कारण बेरीज आधी होऊन गेलेली असू शकते. बाई पैसे देते, सचिव ओळ लिहिते, एकूण मांडते, पानाची बेरीज करते, आणि मग कोणी म्हणतं की माझे शंभर राहिले, घे. मग मुद्दलाचा आकडा सुधारला जातो आणि बेरीज तशीच राहून जाते. बेरजेच्या आकड्यावर खाडाखोड नाही आणि वरच्या आकड्यावर आहे, असं दिसलं की पहिले हाच संशय घ्यायचा. बेरजेला जुळवून मधला आकडा भरला तर सुधारणाच पुसल्या जाते. इथं तर एका बाईच्या नावावर शंभर रुपये कर्ज जास्त चढलं असतं.

मग मला पुढच्या महिन्याचं पान सुचलं, हे आधीच सुचायला पाहिजे होतं. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन महिना, उरलेल्या मुद्दलावर. जुलैत काकूंचं व्याज ८०, म्हणजे तेव्हा कर्ज ४,००० होतं. जुलैत २०० फेडले असते तर ऑगस्टला ३,८०० वर ७६ व्याज लागलं असतं. ३०० फेडले तर ३,७०० वर ७४. ऑगस्टच्या पानावर स्वच्छ अक्षरात, खाडाखोड काहीच नाही, ७४! रात्री साडेदहाला मी एकटीच हसली.

हा हिशोब सगळीकडे चालत नाही हं. गट घेतलेल्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत एकच व्याज लावत असेल, नाहीतर व्याज दहाच्या पटीत गोल करून लिहत असेल, तर पुढचा महिना काहीच सांगणार नाही.

साहेबांना ७४ दाखवले तर म्हणे व्याजातच चूक असेल. मग काकूंकडे गेली. पासबुक लोखंडी पेटीत तळाशी, लुगड्याखाली. त्यात जुलै २०१९ ला ३००, अध्यक्षांची सही. काकू म्हणाल्या, "मी तीनशेच देल्ले होते वो, निंदणाचे पैसे आले होते त्यातले. आधी दोनशे देल्ले, मंग घरून शंभर आणून देल्ले." तेवढ्यानंही मला पुरलं असतं पण मी बँकेची भरणा स्लीपही शोधली. आमचा गट हातात रोख ठेवत नव्हता, मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळे पैसे बँकेत, आणि त्या महिन्यात कोणाला कर्जही दिलं नव्हतं. स्लीप ५,७२० ची. पानाच्या बेरजेपेक्षा बरोबर शंभर जास्त.

शेवटी मीटिंगमध्ये ठराव लिहिला, की जुलै २०१९ ला सातव्या नंबरच्या सदस्याचं मुद्दल ३००, ओळीचं एकूण ४८०, पानाचं ५,७२०, आधार पासबुक आणि बँक स्लीप. सगळ्यांच्या सह्या, त्याची झेरॉक्स शीटला जोडली, तेव्हा कुठं पास झालं. साहेबांनी पहिल्याच दिवशी ठराव आणा म्हटलं असतं तर एवढी पायपीट वाचली असती.

बाकीच्या पानांवरची खाडाखोड सोपी होती. आडवी रेघ आणि वर नवा आकडा असला की वरचा घ्यायचा, दोनदा खोडला असेल तर शेवटचा. एका ठिकाणी खोडलेल्या आकड्याशेजारी "बरोबर" लिहून सही होती, तिथं खोडलेलाच घेतला. आणि आकडा खोडलाय पण वर काहीच नाही, असं दिसलं तर लगेच शून्य टाकू नका, खालची-वरची ओळ पहा. माझ्याकडे तीनदा तोच आकडा खालच्या ओळीत निघाला, म्हणजे चुकीच्या बाईसमोर लिहून मग हलवला होता.

शीटमध्ये मी रकमेच्या प्रत्येक रकान्याशेजारी दोन रकाने वाढवले होते, एकात आधीचा खोडलेला आकडा, दुसऱ्यात शेरा. अंतिम आकड्याच्या रकान्यात फक्त अंतिम आकडा, तिथं "२००/३००" असं लिहिलं तर कॉम्प्युटरची बेरीज बरोबर येत नाही. दोन जागी मला शेवटपर्यंत काहीच सापडलं नाही, ते रकाने रिकामे ठेवले आणि शेऱ्यात "वाचता येत नाही" लिहिलं.

हो, आणि जुन्या रजिस्टरात स्वतः पेन लावू नका, व्हाइटनर तर मुळीच नाही. एका बाईनं मदत म्हणून मला गिरवून स्पष्ट करून देते म्हटलं, मी वही ओढूनच घेतली. कामाआधी सगळ्या पानांचे फोटो उजेडात काढून ठेवा, मोठा करून पाहिला की निळी आणि काळी शाई वेगळी दिसते. मी हे चाळीस पानं झाल्यावर सुरू केलं, म्हणून पहिली चाळीस पुन्हा काढावी लागली.