टाकीतले दोन युनिट कुठून आले, ते अखेर सापडलं

मागच्या वेळी ज्या आकड्यावर अडून बसलो होतो, तो काल रात्री सुटला. आठवत असेल, २०० लिटरच्या टाकीतलं पाणी २२ अंशांवरून ६२ वर गेलं, म्हणजे वाढ ४० अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात, म्हणून उष्णता ९.३ किलोवॅट-तास. मीटर मात्र ७.४ युनिटच दाखवत होता. टाकीत घातल्यापेक्षा जास्त उष्णता साठणं शक्यच नाही. तीन दिवस मी मीटरवरच संशय घेत होतो, मग २ किलोवॅटचा हीटर घड्याळ लावून पाहिला: ३ तास ४२ मिनिटं. मीटर बरोबरच होता.

चूक होती एकाच सेन्सरवर विसंबण्यात, तोही टाकीच्या डोक्यावर. हीटरची कॉइल बुडापासून पाव उंचीवर आहे. गरम पाणी वर चढतं, कॉइलच्या खालचं पाणी जवळपास तसंच राहतं. मग टाकीभोवतीचं उष्णता अडवणारं लॅगिंग उचलून पत्र्याला सारख्या अंतरावर चार DS18B20 तापमान सेन्सर चिकटवले, प्रत्येकाच्या वाट्याला ५० लिटर. वरून खाली ६२, ६१, ५८ आणि ३१! चारही वाढींची बेरीज १२४, गुणिले ५० लिटर, गुणिले १.१६३: ७.२१ किलोवॅट-तास. तो ३१ चा आकडा पाहून झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

उरलेले ०.१९ कुठे गेले? रात्री दहा तास नळ बंद ठेवला, सरासरी तापमान २.१ अंशांनी उतरलं. या टाकीत एक अंश म्हणजे २३३ वॅट-तास, म्हणून उष्णतेची गळती ताशी साधारण ४९ वॅट-तास. तापवण्याच्या पावणेचार तासांत टाकी सुरुवातीला थंडच असते, म्हणजे त्या वेळची गळती याहून कमी. बाकीचा फरक सेन्सरचा असणार.

हे सेन्सर मला आवडतात, पण त्यांची अर्ध्या अंशाची चूक इथे ०.१२ युनिट खाते. म्हणून लावण्याआधी सगळे एकाच बादलीत बुडवून एकमेकांशी ताडून घ्यायचे, वर थर्मल पेस्ट लावायची आणि लॅगिंग पुन्हा घट्ट बसवायचं. नुसत्या चिकटपट्टीवर माझा पहिला सेन्सर दीड अंश कमी दाखवत होता.

आता पाणी ढवळायला छोटा पंप लावणार होतो. लिहिता लिहिताच तो बेत रद्द करतोय. ढवळलं तर सगळी टाकी ५३ अंशांवर येईल, उष्णता तेवढीच राहील आणि वरचं कडक पाणी हातचं जाईल. त्यापेक्षा तिसऱ्या आणि चौथ्या सेन्सरच्या मध्ये आणखी दोन बसवतो. ५८ वरून ३१ वर पाणी नेमकं कुठे उतरतं ते कळलं, की त्या थराचा हिशेब अंदाजाने करावा लागणार नाही.