दुपारचा चमचा

आठ महिन्यांचं बाळ, वजन आठ किलो, कानाचं दुखणं. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं ड्राय सिरप, चार मिली, दिवसातून दोनदा, पाच दिवस. डॉक्टरांनी मिलीत लिहिलं होतं, हेच आमच्या मालवणच्या बाजूला नशीब. नाहीतर ‘अर्धा चमचा’ असं लिहितात आणि कुठला चमचा ते देवाला ठाऊक.

बाळाची आई बाळंतपणानंतर अजून माहेरीच होती. पहिलटकरीण. बाटली मी दुकानातच तिच्यासमोर तयार केली. आधी बाटली उलटी करून टिचक्या मारायच्या, म्हणजे तळाला बसलेली पूड सुटते. पावसाळ्यात हे जास्तच सांभाळायचं, कारण या औषधाला दमट हवा सोसत नाही. मग खोक्यातलं पाणी खुणेच्या थोडं खाली ओतून जोरात हलवायचं. फेस बसला की पातळी खाली गेलेली दिसते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालायचं. घरी पूड कालवणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. दुसऱ्यांदा पाणी न घातल्यामुळे औषध दाट होतं आणि प्रत्येक डोस जड जातो.

बाटलीच्या टोपणावर अडीच आणि पाचच्या खुणा होत्या, चारची नव्हती. कंपन्यांना एवढं सुचत नाही. म्हणून मी पाच मिलीची सिरिंज दिली आणि तिची सुई व सुईवरचं झाकण दुकानातच काढून टाकलं, ते झाकण बाळाच्या घशात जाऊ शकतं. संध्याकाळी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं:

‘ताई, बाटली दर वेळी हलवा. सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरून वाचा. काळ्या रबराचं टोक पाहू नका, त्याची टोकाजवळची रुंद कडा चारच्या रेघेवर आली पाहिजे. हवेचा बुडबुडा असेल तर औषध परत बाटलीत ढकलून पुन्हा ओढा. बाळाला थोडं उठवून धरा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, घशात पिचकारी मारू नका. औषध दिल्या दिल्या वहीत लिहा: वेळ, किती मिली, कोणी दिलं, उलटी किंवा जुलाब झाला का. थोडं थुंकलं तर अंदाजाने पुन्हा देऊ नका, मला फोन करा. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. वीज गेली तर फ्रीज उघडू नका.’

पहिला डोस सोमवारी रात्री झाला. बुधवारी रात्री तिचा फोन आला, ‘मॅडम, बाटली संपत आली, दुसरी कधी कालवू?’

तीस मिलीची बाटली. पाच डोस म्हणजे वीस मिली, दहा उरायला हवेत. तिने फोटो पाठवला तर तळाशी जेमतेम एक मिली. वहीचाही फोटो मागवला. पाच नोंदी, प्रत्येकीत चार मिली, अक्षर तिचंच. बुधवारच्या नोंदीपुढे ‘तीन वेळा पातळ शी’. सिरिंज भरून फोटो काढायला सांगितला, तोही अगदी बरोबर होता. मग नऊ मिली गेलं कुठे?

मागून आजी बोलली, ‘दुपारचा औषध मी देतंय मा! औषध तीनदाच दितत.’ मंगळवारी आणि बुधवारी, आई झोपलेली असताना, चमच्याने. तो चमचा पाण्याने भरून सिरिंजने मोजायला सांगितला. साडेचार मिली.

आजीला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या काळात बरीच औषधं तीनदाच असत. आणि मी मेसेज लिहिला आईला. आजीकडे फोनच नाही. कोकणात बाळाला दुपारी कोण सांभाळतं हे आम्हा दुकानदारांना पक्कं माहीत असतं, तरी काउंटरवर येईल त्यालाच आम्ही सगळं सांगतो.

डॉक्टरांना तेव्हाच फोन लावला. घाबरण्याएवढं औषध गेलेलं नाही, क्लॅव्हुलॅनेट जास्त झालं की पोट ढिलं होतं, दूध चालू ठेवा, लघवीवर लक्ष ठेवा, बाळ मलूल वाटलं तर लगेच आणा, असं ते म्हणाले. पुढचे डोस ठरल्या वेळीच. दुसरी बाटली गुरुवारी सकाळी कालवली. उरलेले पाच डोस शनिवारी सकाळी संपले, आणि बाटलीत दहा मिली शिल्लक राहिलं. पुढच्या तापाला ठेवूया का, असं आजीने विचारलंच. कालवलेलं औषध फ्रीजमध्येही सातच दिवस टिकतं, म्हणून ते परत दुकानात मागवलं.

आता मी दोनदाच्या औषधासोबत कागदी तक्ता देते. त्यात दुपारचा रकाना मुद्दाम ठेवलाय आणि त्यावर ठसठशीत फुली मारलीय. आमचे डॉक्टर म्हणतात, रकाना दिसला की लोक भरणारच, तो काढूनच टाक. मला वाटतं, रकाना नसला तर आजी आपला आखून घेईल. अजून तरी फुली तशीच ठेवलीय.