‘धुतलं की जातं’ म्हणतात, पण जात नाही

गडद कापडावर भरतकामाची नक्षी छापून देणाऱ्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "धुतलं की जातं हो." ते वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं. बाटली हिरव्या टू बाय टू रुबियाचा ब्लाऊजपीस, पाठीवर नऊ इंच लांबीची सुरंगीच्या कळ्यांची वेल, गौरीच्या आधी हवा. वेल भरून झाली, ब्लाऊजपीस धुतला, आणि प्रत्येक पानाच्या कडेला पांढरी किनार तशीच. कापड ओलं असताना ती दिसतच नव्हती. आमच्याकडे भाद्रपदात ओलं कापड वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळे गेलं म्हणून समाधान मानायलाही दोन दिवस मिळाले. म्हणून पहिली गोष्ट हीच: डाग गेला की नाही ते ओल्या कापडावर ठरवू नका. पांढरी भुकटी भिजली की मंद होते आणि वाळली की पुन्हा उठून दिसते.

ही छपाई कशी होते ते आधी सांगते, म्हणजे घोळ कुठे आहे ते कळेल. नक्षी बटर पेपरवर काढतात, रेषांवरून सुईने भोकं पाडतात, कागद कापडावर ठेवतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने वरून फिरवतात. भोकांतून ठिपके खाली उतरतात. फिक्या कापडाला निळीची पूड आणि गडद कापडाला झिंक पावडर. झिंक पावडर म्हणजे बहुधा झिंक ऑक्साइड, आणि ते पाण्यात विरघळत नाही. रॉकेलमध्येही नाही. रॉकेल फक्त ते वाहून नेतं आणि स्वतः उडून जातं, भुकटी मात्र धाग्यांच्या फटीत बसून राहते. मग पाण्याने धुतल्यावर जाणार काय? वरवरची पूड निघते, फटीतली राहते. काही जण रेघ पुसू नये म्हणून त्यात चिमूटभर डिंकही घालतात, तेव्हा ती आणखी घट्ट धरते.

त्यातून कालवण पातळ असलं तर विचारूच नका. ते ताकासारखं वाहतं, कागदाखाली पसरतं आणि बारीक ठिपक्यांच्या जागी दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी उमटते. पट्टी टाक्याखाली झाकली जात नाही, ती बाजूला उरतेच. कालवण उगाळलेल्या चंदनाइतकं दाट हवं आणि बोळा जवळजवळ कोरडा. आधी वर्तमानपत्रावर दाबून बघावं. ठिपके वेगवेगळे उमटले तर ठीक, ठिपक्याभोवती तेलकट कडं दिसलं तर बोळा पिळून घ्यावा. दुकानात हे कोणी करत नाही, कारण त्यांना दिवसात पन्नास कापडं उरकायची असतात.

आता डाग पडलाच आहे तर काय करायचं. सगळे करतात ती चूक म्हणजे साबण लावून ब्रशने खसाखस घासणं. त्याने पूड आणखी आत जाते, रेघ विरते आणि सगळीकडे राखाडी धूसरपणा येतो. रेघ होती तोवर ती काढता येत होती. हा धूसरपणा निघत नाही. म्हणून कापड पूर्ण कोरडं असताना सुरुवात करायची. ते उलटं धरून मागून टिचक्या मारायच्या, मग मऊ, कोरड्या टूथब्रशने रेषेच्या दिशेने, आडवं न घासता, पूड झटकायची. बऱ्याचदा निम्मा डाग इथेच जातो. नंतर खाली घडी घातलेलं पांढरं सुती फडकं ठेवून, रॉकेलचा बोळा दाबत दाबत पुढे जायचं. बोळा पुसायचा नाही, दाबायचा, आणि खालचं फडकं दर वेळी स्वच्छ जागेवर सरकवायचं. फडक्यावर पांढरं उतरायचं थांबलं की थांबावं. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळपासही फिरकू नका. रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात दोन-तीन दिवस, इस्त्रीही लावायची नाही.

त्यानंतरही जी रेघ राहिली तिच्यावर उपाय सापडला तो व्हिनेगर. कारण साधं आहे: झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, चुनखडीचा खडूही विरघळतो. दुकानातली पूड नक्की कसली हे माहीत नसतं, म्हणून आधी चिमूटभर पूड दोन चमचे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकून ढवळा. दहा मिनिटांत पाणी निवळलं तर ती पूड जाईल. दुधासारखं पांढरंच राहिलं तर ती वेगळी पांढरी पूड आहे, तिच्यावर व्हिनेगर चालणार नाही आणि तुमचा वेळ फुकट जाईल. पूड हाती नसेल तर डागाच्या एका टोकावर करून बघा.

पण कापडाची परीक्षा त्याआधी. शिवणीत जाणाऱ्या कडेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवायचे आणि पांढऱ्या फडक्याने दाबायचे. रंग फडक्यावर उतरला किंवा कापडाची छटा बदलली तर पुढे जायचं नाही. बाटली हिरव्याने रंग सोडला नाही, म्हणून पुढे गेले. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, कान साफ करायच्या कापूसकाडीने फक्त रेषेवर लावलं, पाच मिनिटं थांबले, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दाबून घेतलं आणि पूर्ण वाळू दिलं. असं तीनदा केलं तेव्हा पानांच्या कडा स्वच्छ झाल्या. शेवटी सगळं कापड भरपूर पाण्यात खळबळून घ्यायचं, आंबट राहू द्यायचं नाही. जरीचा दोरा किंवा धातूची टिकली असेल तिथे व्हिनेगर अजिबात नको, ती काळी पडते. आणि व्हिनेगर घरात नाही म्हणून आमसुलाचं पाणी वापरायचा विचार कोणी केलाच तर सांगून ठेवते, आंबट असलं तरी त्याचा लाल रंग कापडावर उतरेल.

एवढा खटाटोप एकदा करून झाल्यावर मी छपाई करून घेणं सोडलं. गडद कापडावर पुसावं लागेल असं काहीच लावायचं नाही. रेघ दोऱ्याची असली की काम संपल्यावर दोरा ओढून काढता येतो. रीत जुनीच आहे, फक्त वेळखाऊ म्हणून दुकानदार ती सुचवत नाहीत.

नक्षी पातळ बटर पेपरवर पेन्सिलने काढा. बॉलपेन नको, त्याची शाई सुईबरोबर धाग्यात जाते. कागद कापडावर चार कोपऱ्यांना टाचण्यांनी नव्हे तर कच्च्या टाक्यांनी बसवा, टाचण्यांनी तो सरकतो. मग फिक्या रंगाचा एकपदरी शिवणाचा दोरा घेऊन रेषांवरून कागद आणि कापड दोन्हींमधून धावदोरा घाला. लाल दोरा नको, पुढे धुतल्यावर त्याचा रंग उतरेल. सरळ रेषेला टाका तीन-चार मिलिमीटर आणि वळणावर दोनच. सुरंगीच्या कळ्या बारीक आणि गोल, तिथे टाका लांब घेतला तर कळीचा चौकोन होतो. प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला गाठ नको, दोन उलटे टाके पुरे. गाठ नंतर काढताना अडते.

मग कागद काढायचा. सुईच्या बोथट टोकाने रेषेवरून एकदा ओढलं की कागद तिथे फाटतो. एक हात टाक्यांवर दाबून ठेवा आणि कागद आडवा, हळू ओढा; वर ओढला तर धावदोरा सैल होतो. पावसाळ्यात हा कागद दमट होऊन चिवट बनतो, कडक तुटत नाही, तंतू राहतात. त्यावर उपाय म्हणजे कागद आदल्या दिवसापासून तांदळाच्या पिशवीत ठेवा आणि काम सुरू करायच्या वेळी काढा. टाक्यांखाली अडकलेले तुकडे चिमट्याने निघतात.

भरताना साखळी टाका किंवा भरीव टाका धावदोऱ्याच्या अगदी वर न घालता केसभर आत घाला. दोरा टाक्याने टोचला गेला की तो निघणार नाही, आणि हिरव्या कापडावर पिवळट दोऱ्याचं टोक पांढऱ्या डागाइतकंच खुपतं. भरून झाल्यावर धावदोरा दर दोन इंचांवर कापायचा आणि मागच्या बाजूने चिमट्याने ओढायचा. भोकं दिसतील, कापड थोडं दमट करून नखाने उलट्या बाजूने हलकं घासा, रुबियात ती मिटतात. टसर आणि साटीनमध्ये मिटत नाहीत, तिथे ही रीत फक्त तेव्हाच करा जेव्हा भरकाम त्या भोकांवर बसणार असेल. इस्त्री टर्किश टॉवेलवर, उलट्या बाजूने.

इस्त्रीने पुसणाऱ्या पेनाचं विचाराल तर, गरम केल्यावर त्याचा रंग दिसेनासा होतो, शाई कापडातून निघून जात नाही. फिक्या कापडावर ते चालतं. गडदवर तिरकं धरून बघा, फिकी रेघ दिसेल. सुक्या साबणाच्या चिपेने काढलेली रेघ मात्र धुतली की खरोखर जाते, फक्त साधा कपड्याचा साबण घ्या, अंगाच्या साबणातला तेलकटपणा रेशमाला चिकटतो. लांब सरळ रेषांना ती पुरते, कळ्यांना नाही, कारण चीप कितीही धारदार केली तरी तिसऱ्या कळीपर्यंत बोथट होते.

आणि हो, भोकं पाडलेला बटर पेपर असेल तर टाकू नका. त्यावरून रॉकेल न घालता नुसता खडूचा कोरडा चुरा कापसाने दाबला तर ठिपके उमटतात. त्यावरून लगेच धावदोरा घालून चुरा झटकून टाकता येतो. चुरा पावसाळ्यात गोळा होतो, तव्यावर मिनिटभर गरम करून, थंड झाला की वापरा. तोच कागद उलटा ठेवला की डाव्या बाहीची वेल उजव्या बाहीला मिळते, फक्त वरच्या बाजूला ‘उजवी’ असं पेन्सिलने लिहून ठेवा.