आयोडीनचा एक थेंब

आठवीत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी भाताच्या पेजेत आयोडीन टाकून दाखवलं आणि परीक्षानळीत गर्द निळा रंग उतरला. लाळ मिसळून थोडा वेळ ठेवलेल्या दुसऱ्या नळीत मात्र तो आलाच नाही. बाई म्हणाल्या, "लाळेतल्या अमायलेजनं स्टार्च फोडला." आज हिमाचलातल्या एका रसाच्या कारखान्यात हीच परीक्षा माझं रोजचं काम आहे.

जैवतंत्रज्ञानाच्या पेपरात 'अमायलेज, पेक्टिनेज व रेनेटचे उपयोग लिहा' असं विचारतात. चीजसाठी दूध रेनेटनं गोठवतात, हे बहुतेकांना येतं. रसाचं उत्तर मात्र 'रस स्वच्छ होतो' एवढ्यावरच थांबतं, म्हणून इथे ते सविस्तर सांगतो.

सफरचंदाचा ताजा रस गढूळ असतो. त्यातल्या बारीक कणांवर पेक्टिनचं ऋणभारित आवरण असतं, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि तळाशी बसत नाहीत. रस साधारण ५० अंशांवर ठेवून पेक्टिनेज घातलं की एक-दोन तासांत हे आवरण फाटतं, आतला धनभारित प्रथिनांचा भाग उघडा पडतो आणि कण एकमेकांना चिकटून पुंजके खाली बसतात. काम पुरं झालं की नाही, हे पाहायला थोड्या रसात त्याच्या दुप्पट आम्लयुक्त अल्कोहोल घालून पंधरा मिनिटं थांबायचं. जेलीसारखे पुंजके तरंगले, तर पेक्टिन अजून शिल्लक आहे. अशा वेळी गाळायची घाई केली, तर फिल्टर चोंदतो.

हंगामाच्या सुरुवातीची कच्ची फळं आली की दुसरी अडचण येते. त्यांत स्टार्च बराच असतो. तो काढला नाही, तर आज काचेसारखा दिसणारा रस काही आठवड्यांनी बाटलीत धुरकट होतो. कच्च्या स्टार्चच्या दाण्यांवर अमायलेज फारसं चालत नाही. म्हणून रस आधी चांगला तापवून दाणे फुलवायचे, मग पुन्हा ५० अंशांपर्यंत थंड करून अमायलेज घालायचं. लाळेतलं अमायलेज इथे निकामी ठरतं. त्याला जवळपास उदासीन माध्यम लागतं आणि या रसाचा pH साधारण साडेतीन असतो. अशा आम्लात टिकणारं विकर आम्ही बुरशीपासून मिळवलेलं वापरतो. 'अमायलेज' हे एका विकराचं नाव नसून अख्ख्या कुटुंबाचं आहे, हे परीक्षेलाही लक्षात ठेवा.

आयोडीन टाकल्यावर निळा रंग आला तर स्टार्च आहे, तांबूस आला तर तो अर्धवट तुटलाय आणि पिवळाच राहिला तर काम झालं. पण नमुना थंड हवा, कारण गरम रसात निळा रंग दिसतच नाही. रस काळवंडू नये म्हणून कधी त्यात क जीवनसत्त्व घातलेलं असतं, ते पहिले थेंब गिळून टाकतं. अशा वेळी रंग टिकेपर्यंत आयोडीन घालत राहावं लागतं, आणि मगच निळा की पिवळा हे ठरवायचं.